सहावं लुगडं

आपल्या बापाच्या घराण्याबद्दल दक्षताचं एकच मत होतं आणि ते ती कुणालाही फुकट ऐकवायची: ह्यांच्याकडे पैसा आला, गाडी आली, बंगला आला, फक्त अक्कल यायची राहिली. खाडीत होड्या होत्या तोवर माणसं बरी होती म्हणे. जमीन बिल्डरला गेली आणि मोठे काका पंढरी एका रात्रीत पंढरीशेठ झाले. आता ठाण्याच्या कोळीवाड्याशेजारी दुमजली बंगला उभा होता, घरभरणी तोंडावर आली होती, आणि सोफ्याच्या मागची भिंत रिकामी दिसते म्हणून शेठना तिथे खानदानाचं पेंटिंग हवं होतं.

पेंटिंग म्हणजे हातानं काढलेलं नव्हे, तेवढी सवड कुणाला आहे! काकांचा मुलगा प्रणित म्हणाला, "पप्पा, एआय है ना." त्यानं आपल्याच हळदीचा ग्रुप फोटो व्हॉट्सॲपवरून उचलला, कुठल्याशा फुकट ॲपमध्ये टाकला आणि खाली लिहिलं, रॉयल पेंटिंग बनव, सगळ्यांना सुंदर कर. ॲपनं मिनिटभरात सगळ्यांना सुंदर केलं. एवढं सुंदर की कोण कुठलं ते त्यांच्या आयांनाही ओळखू येऊ नये.

दिवा स्टेशनजवळच्या भाड्याच्या खोलीत सकाळचं पाणी भरता भरता दक्षतानं फोनवर ते चित्र उघडलं आणि हंडा ओसंडून वाहिला तरी तिला भान राहिलं नाही. फोटोत नऊ माणसं. त्यातल्या सहा बायका, आणि सहाही बायकांना तोंड एकच! गोरं, टोकदार हनुवटीचं, जाहिरातीतल्या साबणाच्या पोरीचं. साठीच्या चांगुणाआत्याला तेच आणि काकांच्या विशीतल्या दोन पोरींनाही तेच. पंढरीशेठना दाढी फुटली होती. धाकट्या नाथाकाकांच्या कमरेचा चौकड्यांचा रुमाल जाऊन तिथे रेशमी धोतर आलं होतं. हळदीनं माखलेला प्रणित स्वतः तर दूध प्यायल्यासारखा पांढरा. आणि ग्रुपवर काय? हात जोडलेले, बदाम, आगीच्या ज्वाळा. काकांनी स्वतः लिहिलं होतं, "एक नंबर. सगळे ओरिजिनल वाटतात."

"डोंबल ओरिजिनल!" दक्षता म्हणाली.

दक्षता डोंबिवलीत सहदेवच्या दुकानात कामाला होती. लग्नाचे आल्बम, कॅनव्हास, वाढदिवसाचे बॅनर, असलं सगळं. फोटो दुरुस्त करण्यात तिचा हात धरणारं त्या बाजारात कुणी नव्हतं आणि हे तिला जरा जास्तच माहीत होतं. त्यामुळे ॲपनं असं का केलं हे तिला कळायला वेळ लागला नाही. नऊ माणसं एका फोटोत कोंबली की प्रत्येकाच्या वाट्याला नखाएवढा चेहरा येतो. त्यात व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो आधीच दाबून बारीक झालेला. एवढ्याशा नखात कुणाचं नाक कसं ते यंत्राला धड दिसत नाही. मग ते आपल्या पदरचं एक सुबक तोंड काढतं आणि सगळ्यांना चिकटवतं. वर "सुंदर कर" म्हटल्यावर तर त्याला मोकळं रानच. कपड्यांचंही तसंच, शेजारी उभ्या माणसांचे कपडे एकमेकांवर सांडतात.

आणि ते सांडणंच नडलं. त्या हळदीला घरच्या बायकांनी एकसारखी लुगडी नेसली होती. ही त्यांच्याकडची रीतच. हळदीला घरच्या बायका एका रंगात, म्हणजे लांबून दिसावं की ह्या घरच्या. पोपटी लुगडी, राणी रंगाचे काठ, अंगभर पिवळी बुट्टी. मोठी काकी मालू, धाकटी काकी संचिता, चांगुणाआत्या आणि काकांच्या दोन पोरी, अशा पाचजणी. सहावी होती शालन, दक्षताची आई. मधला भाऊ विठ्ठल जाऊन बारा वर्षं झाली, त्याची ती विधवा. तिच्या अंगावर राखाडी निळी पाचवारी होती, कारण मालूकाकीनं सांगितलं होतं, "काय करू गं शालन, दुकानात पाचच उरलेली." शालननं मान डोलावली होती. फोटो दक्षतानंच काढला, त्यामुळे दक्षताला काय नेसवायचं हा प्रश्न परस्पर मिटला.

ॲपला काकीचा हिशेब ठाऊक नव्हता. पाचजणी पोपटी, तर सहावीही पोपटीच असणार असं त्यानं धरलं आणि शालनला राणी काठाचं लुगडं नेसवून टाकलं.

तासाभरानं ग्रुपवर मालूकाकीचा आवाज आला. तोंडं बदलली त्याबद्दल चकार शब्द नाही. स्वतःचं तोंड गायब झालेलं, लेकींची गायब झालेली, नवऱ्याला दाढी. पण काकीनं मेसेजमध्ये विचारलं काय, तर, "प्रणित, शालनकाकीला हे लुगडं कुणी दिलं रे? तिचं तर निळं होतं ना?"

दोन दिवसांनी शेठ आणि शेठाणी गाडी घेऊन डोंबिवलीला आले. सहदेव दारापर्यंत धावला. सहदेवनं पंधरा दिवसांपूर्वी दुकानाबाहेर 'एआय पोर्ट्रेट' असा बोर्ड लावला होता. त्याच्या लेखी एआय म्हणजे एक बटण आणि ते बटण दाबायला दक्षता.

"आमचीच पोर हाय," काका खुर्चीत बसत म्हणाले, "म्हणून घरचं काम घरात दिलं. प्रणितचं चित्र चांगलंच हाय तसं. फक्त मोठं केलं की प्रेसवाला बोलतो फाटतंय. आणि ते लुगड्याचं तेवढं बघ."

"चांगलं आहे?" दक्षतानं चित्र मोठ्या पडद्यावर लावलं. "काका, ह्यात मोठी काकी कुठली?"

"म्हणजे काय विचारतेस!"

"दाखवा ना. बोट ठेवा."

सहदेव मागून डोळे वटारत होता, तिकडे तिनं बघितलंच नाही. काका पुढे वाकले. सहा सारखी तोंडं, सहा सारखी लुगडी. त्यांनी डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं, मग ऐटीत कडेच्या बाईवर बोट ठेवलं. "ही काय. लग्नाला पस्तीस वर्षं झाली, बायको ओळखणार नाय का मी?"

ती शालन होती.

मालूकाकीचा चेहरा बघण्यासारखा झाला. कुणालाही वाटलं असतं, आता बाई म्हणेल की बाई गं, आधी माझं तोंड मला परत दे. पण नाही! काकी कडाडली, "बघितलंत? म्हणून मी बोलते, तिचं लुगडं तिला द्या! कळायला नको कोण कुठली ते?"

दक्षताला हसू दाबवेना. पस्तीस वर्षांच्या संसारानंतर बायको ओळखायची खूण काय, तर शेजारचीच्या अंगावरचं वेगळं पातळ. असल्या माणसांच्या भिंतीवर खरं तर ॲपचंच चित्र शोभलं असतं.

"तोंडंही बदलावी लागतील," ती म्हणाली. "मूळ फोटो माझ्याकडे आहे, कॅमेऱ्यातला. त्यावरून एकेक माणूस वेगळं रंगवते."

"काय करायचं ते कर," काका उठले. चिडले होते, कारण हसं झालं होतं. "पण फोटोत हाय तसंच पाहिजे. जो जिथे उभा हाय तिथेच, जे नेसलंय तेच. एक धागा इकडचा तिकडे नको. काय?"

"एक धागा नाही," दक्षता म्हणाली.

घरी आली तर आई भाकऱ्या थापत होती आणि फोन पोळपाटाशेजारी टेकवून ठेवला होता. दक्षतानं सहज बघितलं. व्हॉट्सॲपला आईनं आपला फोटो बदलला होता. ॲपच्या चित्रातली कडेची बाई तिनं कापून तिथे लावली होती. साबणाच्या पोरीचं तोंड आणि पोपटी लुगडं.

"आई, ही तू नाहीस."

"माहीत आहे."

"तुझं नाक बघ कुठे गेलं. मस कुठे आहे गालावरचा?"

"राहू दे गं नाक." आईनं भाकरी परतली. "दक्षे, तूच करतेस ना ते चित्र आता? मग ते लुगडं तेवढं राहू दे. तोंड कसंही कर. त्यांना काय कळतंय."

"त्यांना तेवढंच कळतं! काकी त्यासाठीच तर आली होती डोंबिवलीपर्यंत."

"जरा फिकट कर. सावलीत आहे असं दाखव." आई मान वर न करता बोलत होती. "भिंतीवर कायमचं राहणार ते. माझ्या मागेही राहील. तेवढंच म्हटलं."

दक्षताला राग आला. काकीचा आलाच, पण आईचाही आला, आणि आईचा आला की तो जास्त जाळायचा. बारा वर्षं ह्या बाईनं मान डोलावली. घराच्या वाटणीत मान डोलावली, ठाण्याचं घर सोडताना डोलावली, लुगडं नाही म्हटल्यावरही डोलावली. वर म्हणायची, वहिनीचा जीव आहे माझ्यावर, दुकानातच संपली तर ती काय करणार! आणि आता कसली हौस, तर खोट्या चित्रात खोटं लुगडं.

"मी खोटं नेसवणार नाही तुला," ती म्हणाली.

आईनं तव्यावरची भाकरी तिच्या ताटात टाकली आणि विषय संपवला.

दक्षता कामाला लागली ती इरेला पेटून. मूळ फोटोतली नऊच्या नऊ माणसं तिनं वेगळी कापून काढली. एकेक चेहरा यंत्राला एकटा दिला, मोठा करून, म्हणजे त्याला बघायला जागा मिळाली. चेहऱ्याच्या हाडांच्या, डोळ्यांच्या, ओठांच्या कडा रेघांनी आखून सोबत दिल्या. रेघा धरून ठेवल्या की रंग बदलला तरी नाक हलत नाही. रंगवायची तऱ्हा सगळ्यांना एकच, नमुन्याचं चित्र एकच, बाकीचे आकडेही तेच, नाहीतर काका तैलचित्रात आणि काकी कार्टूनमध्ये अशी गत व्हायची. चेहऱ्यावर बदलाचा जोर कमी, मागच्या मांडवावर जास्त. हा जोर म्हणजे मोठं नाजूक प्रकरण. जरा चढवला की आत्याचा पुढे आलेला दात आत जायचा. उतरवला की पेंटिंगऐवजी नुसता धुरकट फोटो दिसायचा.

सहदेव मधूनमधून येऊन उसासे टाकायचा. "एवढं कोण बघतंय दक्षता? ते ॲपचंच जरा ब्राइट करून दे ना."

"तुम्ही बोर्ड पुसा बाहेरचा, धूळ बसलीय," ती म्हणायची.

चेहरे जमले. संचिताकाकीच्या हनुवटीची खळी आली, नाथाकाकांची तिरकी भुवई आली. मालूकाकीचा तिरसट ओठ असा काही उतरला की दक्षता स्वतःवर खूश झाली. आईचा मस आला, बसकं नाक आलं, आणि कॅमेऱ्याकडे न बघता जरा बाजूला बघायची तिची ती सवय आली.

आता उरली लुगडी, आणि तीच जास्त छळणार हे तिला ठाऊक होतं. पाचजणी वेगवेगळ्या रंगवल्या की यंत्र पाच वेळा बुट्टी नव्यानं कल्पतं. एकीला फूल, दुसरीला ठिपका, तिसरीला मासळी. काठ एकीचा दोन बोटं तर दुसरीचा चार. लांबून एकसारखं वाटतं, पण सहा फुटांच्या कॅनव्हासवर पाच दुकानांतून आणल्यासारखं दिसतं. ह्यावर उपाय एकच: खऱ्या लुगड्याचा एक सपाट, चुणी नसलेला तुकडा शोधायचा, त्यावरून बुट्टी आणि काठ पक्के करून घ्यायचे, आणि तोच नमुना पाचजणींच्या अंगावर, प्रत्येकीच्या चुण्या नि सावल्या फोटोतल्याच ठेवून, बसवायचा.

पण अंगावर नेसलेलं लुगडं सपाट असतं कुठे? कासोट्याशी वळलेलं, खांद्याशी चुरगळलेलं. चांगुणाआत्याच्या पोटावर जरा ताणलेलं होतं, तर तिथे हळदीचा हात लागलेला. दक्षता मूळ फोटो मोठा करून पट्टी-पट्टीनं शोधत गेली आणि उजव्या कडेला पोचली.

तिथे, आईच्या कोपराशी, हळदीचं टेबल होतं. वाट्या, विड्याची पानं, नारळ, ताटांची चवड. फोटो काढताना तिचं लक्ष डोळे मिटणाऱ्यांकडे, टेबलाकडे कोण बघतो? फोनवर तर तो कोपरा नुसता हिरवट ठिपका दिसायचा. आता पडद्यावर तो हातभर झाला. टेबलावर कापड पसरलं होतं, सपाट, एकही चुणी नाही. पोपटी. पिवळी बुट्टी. खाली राणी काठ. आणि ताटांच्या चवडीखालून आईच्या बाजूला लोंबत होता भरलेला पदर, जरीच्या पट्ट्यांसकट.

तुकडा नव्हता तो. अख्खं लुगडं होतं. घडी उलगडून, दुहेरी करून, टेबलावर घातलेलं.

दुकानात पाचच उरलेली!

दक्षता खुर्चीतच मागे रेलली. म्हणजे लुगडी सहा आणली होती. विधवेला हळदीत एका रंगात उभं करायचं नाही, हे तोंडावर बोलायची हिंमत नाही, म्हणून पाच. आणि सहावं? परत द्यायला नेण्याचाही ह्यांना कंटाळा. घातलं टेबलाला. मेल्यांनो, निदान पेटीत तरी लपवायचं होतंत! बनवाबनवीलासुद्धा थोडी अक्कल लागते, ती कुठून आणणार.

तिला वाटलं, आईला आत्ता फोन करावा. मग वाटलं, नको. आई काय करणार? मान डोलावणार. तिनं आईच्या अंगावर पोपटी लुगडं चढवून बघितलं, दोन मिनिटांचं काम, नमुना तयारच होता. सुरेख दिसत होती आई. खरा मस, खरं नाक, आणि अंगावर घरचं लुगडं. दक्षतानं ते थोडा वेळ बघितलं आणि काढून टाकलं. एक धागा इकडचा तिकडे नको म्हणाले ना शेठ? नाही करणार. राखाडी निळी पाचवारी पुन्हा आईच्या अंगावर गेली, आणि टेबल मात्र तिनं जीव ओतून रंगवलं. जागा तीच, माप तेच, रंग तोच. फक्त बाकीच्या मांडवासारखं ते पुसट होऊ दिलं नाही. बुट्टी न् बुट्टी स्वच्छ, काठ सरळ, पदराची जर चमकती. शेवटी सगळ्या चित्रावरून अगदी हलका एक हात फिरवला, म्हणजे नऊ ठिकाणचे तुकडे एकाच कुंचल्याचे वाटतील, आणि फाइल वागळे इस्टेटच्या प्रेसकडे पाठवली.

घरभरणीच्या दिवशी बंगल्यात पाय ठेवायला जागा नव्हती. गणेशपूजन झालं, वास्तुशांत झाली, सुरमई तळणं दुसऱ्या दिवशीवर ठेवलेलं म्हणून नाथाकाका नाराज होते. शालन सकाळपासून मागच्या मोरीवर भांड्यांत होती, पाहुणी असून. मग काकांनी सगळ्यांना हॉलमध्ये बोलावलं आणि चित्रावरची लाल चादर ओढली.

एकच गलका झाला. "अगो, मी बघ! माझा दात बघ!" चांगुणाआत्या हसत सुटली. "नाथ्या, तुझी भुवई! चित्रात पण वाकडीच!" माणसं स्वतःला शोधत होती आणि सापडत होती. काका छाती काढून उभे होते. मालूकाकीनं आधी चित्रातल्या शालनच्या अंगावरचं निळं पातळ बघून घेतलं, मग समाधानानं स्वतःकडे बघितलं.

दक्षता भिंतीला टेकून वाट बघत होती. कोण आधी बघेल ते तिला माहीत नव्हतं, पण सहा फुटांवर कुणीतरी बघणार हे माहीत होतं.

आत्यानंच बघितलं. ती दिव्याच्या पलीकडच्या गावात दिलेली, तोंडानं फटकळ, भावाच्या पैशाला न भिणारी. चित्राजवळ गेली, चष्मा नाकावर सरकवला, आपल्या चित्रातल्या लुगड्यावर बोट ठेवलं, तिथून टेबलावर ठेवलं, पदरावर थांबली. मग वळली.

"अगो मालू," ती म्हणाली, आणि आत्या हळू बोलली तरी ते खाडीपलीकडे ऐकू जायचं, "टेबलाला लुगरं नेसवलंस नि जावेला नाय?"

हॉलमध्ये कुणीतरी फिस्सकन हसलं. मग चार माना चित्राकडे वळल्या, मग सगळ्याच. संचिताकाकीनं तोंडाला पदर लावला. मालूकाकी म्हणाली, "ते... ते नंतर मिळालं दुसऱ्या दुकानात." आत्या म्हणाली, "हळदीच्या आधी की नंतर?" काका म्हणाले, "फोटोवाल्यांची चूक असेल," आणि सगळ्यांनी दक्षताकडे बघितलं.

"एक धागा इकडचा तिकडे केला नाही काका," दक्षता मोठ्यानं म्हणाली. "मूळ फोटो आहे माझ्याकडे. दाखवू?"

कुणी दाखव म्हणालं नाही. काकांचं तोंड आंबट झालं. पन्नास माणसांसमोर लावलेलं चित्र आता उतरवायचीही सोय नव्हती. उतरवलं तर कबुली, ठेवलं तर रोजची शोभा. दक्षताच्या अंगावर मूठभर मांस चढलं. तिनं आईला शोधलं. आई दारातच उभी होती, हात ओले, आणि हॉलमधली सगळी माणसं आता चित्र सोडून तिच्याकडे बघत होती. कुणी च्‌च्‌ करत होतं. कुणीतरी म्हणालं, "बिचारी." शालननं पदराला हात पुसले, सगळ्यांना एकदा बघितलं, आणि मागच्या दारानं निघून गेली.

दक्षता धावत मागे गेली. आई पायरीवर बसून चपलेचा पट्टा लावत होती.

"बघितलंस ना?" दक्षताला धाप लागली होती, पण आनंद लपत नव्हता. "काय थोबाड झालं काकीचं! दुकानात पाचच उरली म्हणे! तू वर तिची बाजू घ्यायचीस. आता कळलं ना तुला?"

"मला आधीच माहीत होतं," आई म्हणाली.

"काय?"

"त्या टेबलावर वाट्या मीच मांडल्या हळदीच्या. पदरावर ताटं मी ठेवली, कुणाला दिसू नये म्हणून." आईनं दुसरी चप्पल ओढली. "हळदीपासून मी ते झाकून ठेवलं होतं दक्षे. कुणी बिचारी म्हणू नये एवढ्यासाठी. आज पन्नास माणसांनी म्हटलं."

आत हॉलमध्ये आत्याचा आवाज अजून चढत होता आणि लोक हसत होते.

"मी काकीला धडा..." ती म्हणाली.

"तू शिकव धडे. हुशार आहेस." आई उठली. आवाजात राग नव्हता, आणि तेच सहन होईना. "मी तुझ्याकडे एक लुगडं मागितलं होतं गं. तू मला टेबल दिलंस."